‘थोडा वेळ हवा आहे’ आणि त्यानंतरची अनिश्चितता

‘मला थोडी स्पेस हवी आहे’ हे वाक्य जोडीदाराकडून ऐकल्यानंतर सर्वांत जास्त छळणारी गोष्ट दुरावा असेल, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात दुराव्याइतकीच, आणि पुष्कळदा त्याहून अधिक, छळते ती अनिश्चितता. नाते संपले असे कळले, तर दुःख मोठे असले तरी त्याला निदान नाव असते, चार माणसांना ते सांगता येते. ‘ब्रेक’मध्ये रडावे की वाट पाहावी, हेच ठरत नाही. अमेरिकी संशोधक पॉलीन बॉस यांनी 1970च्या दशकात युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करताना अशा अवस्थेला ‘संदिग्ध हानी’ या अर्थाचे नाव दिले. माणूस गेला आहे की आहे, हे कळत नसल्यामुळे शोकही पुरा होत नाही. जोडीदाराने मागितलेली स्पेस आणि युद्धातले बेपत्ता होणे यांची बरोबरी करणे अर्थातच अतिशयोक्ती ठरेल, परंतु मन अडकून पडण्याची तऱ्हा मात्र ओळखीची आहे.

अनिश्चितता शरीराला नेमकी किती महाग पडते, हे युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधील संशोधकांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगातून दिसते. 45 स्वयंसेवकांना संगणकावरील खेळात दगड उलटायचे होते आणि एखाद्या दगडाखाली साप आहे का, याचा अंदाज करायचा होता. साप निघाला, की हाताला वेदनादायक विजेचा झटका बसे. झटका नक्की बसणार हे माहीत असताना लोकांवर जितका ताण होता, त्यापेक्षा तो बसण्याची शक्यता निम्मी-निम्मी असताना अधिक ताण आढळला. घामाच्या आणि डोळ्यांच्या बाहुल्यांच्या मोजमापातही तेच दिसले. म्हणजे वाईट गोष्टीची खात्रीसुद्धा काही वेळा ‘कदाचित’पेक्षा सोसायला सोपी जाते. प्रयोगशाळेतला झटका हा प्रेमभंग नव्हे, हे मान्य. तरीही रात्री पावणेबारा वाजता फोन हातात घेऊन बसलेल्या माणसाला हा निष्कर्ष परका वाटणार नाही.

फोनचाच विचार जरा बारकाईने करू. समजा, पुण्यात नोकरी करणाऱ्या एका मुलीला तिच्या चार वर्षांच्या जोडीदाराने ‘काही दिवस बोलायला नको’ असे सांगितले आहे. पहिल्या तीन दिवसांत ती त्याचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे ‘लास्ट सीन’ दर थोड्या वेळाने पाहते. बहुतेक वेळा काही हाती लागत नाही. मध्येच एकदा तो ‘ऑनलाइन’ दिसतो, आणि चौथ्या दिवशी अचानक ‘जेवलीस का?’ एवढाच मेसेज येतो. हा मेसेज तिला दिलासा देतो आणि त्याच वेळी तिची सवय पक्की करतो. वर्तनशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर यांनी 1957 मध्ये दाखवून दिले होते, की बक्षीस प्रत्येक वेळी मिळण्याऐवजी अधूनमधून, अनपेक्षित वेळी मिळू लागले, तर ते बंद झाल्यावरही तीच कृती चिवटपणे चालू राहते. ती मुलगी दुबळी आहे म्हणून फोन पाहत नाही. अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसाने तिला तो पाहायला शिकवले आहे.

यावर उपाय दोन ठिकाणी करावे लागतात. पहिला उपाय अनिश्चिततेवर. जोडीदाराच्या मनात काय आहे हे तिला ठरवता येणार नाही, पण ब्रेकच्या चौकटीबद्दल ती विचारू शकते. त्यासाठी एकच मेसेज पुरेसा असतो. तो शांत वेळी लिहून, रात्रभर ठेवून, सकाळी पाठवावा: ‘तुला वेळ हवा आहे हे मी समजते. 20 तारखेला संध्याकाळी आपण भेटून बोलू या का? तोपर्यंत मेसेज करायचा की नाही आणि या काळात आपण इतर कुणाला भेटत नाही असे धरायचे का, एवढे सांगशील?’ येथे तारीख महत्त्वाची आहे. दोन-तीन आठवड्यांचा ठरलेला काळ सोसणे आणि ‘बघू’वर ताटकळत राहणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. उत्तर तिला हवे तसे नसेलही, पण ते उत्तर असेल.

दुसरा उपाय तिच्या स्वतःच्या सवयीवर. गप्पा ‘अर्काइव्ह’मध्ये टाकाव्यात, नोटिफिकेशन बंद करावे, रात्री फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावावा. येथे ब्लॉक करण्याचा सल्ला मी देणार नाही. त्यामुळे पुढे अनब्लॉक करण्याचा आणखी एक खेळ सुरू होतो. फोन पाहण्याची ओढ उसळते तेव्हा ती वाढतच जाईल असे वाटते, परंतु ती न पाळल्यास काही मिनिटांत साधारणपणे ओसरू लागते. पहिले दोन-तीन दिवस मात्र ती अधिक तीव्र होऊ शकते. ओळखीचे बक्षीस थांबले, की वर्तन बंद पडण्यापूर्वी काही काळ आणखी जोरात उसळते, आणि नेमक्या त्याच क्षणी ‘एकदाच पाहते’ म्हणून हार मानली, तर सवय आधीपेक्षा अधिक घट्ट होते.

सारखे फोन करणे, रडून बोलावणे, जाणूनबुजून त्याला दिसेल असे स्टेटस टाकणे, या गोष्टींनाही शास्त्रात जागा आहे. आईपासून दूर झालेल्या लहान मुलांच्या निरीक्षणातून ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी आधी निषेध, मग निराशा असा क्रम मांडला, आणि 1987 मध्ये सिंडी हेझन व फिलिप शेव्हर यांनी प्रौढ प्रेमसंबंधांनाही हीच चौकट लावली. आपला निषेध मूल आईला परत आणण्यासाठी करते तसाच असतो. फक्त स्पेस मागणाऱ्या माणसाला अशा निषेधामुळे जवळ येण्याऐवजी दूर जावेसे वाटते, ही अडचण आहे. त्या ऊर्जेला दुसरी वाट द्यावी लागते. भावाला, मैत्रिणीला किंवा मावशीला आधीच सांगून ठेवावे, की रात्री दहानंतर हात फोनकडे गेला तर मी तुला फोन करीन. तो अमुक का म्हणाला याची चिरफाड न करता तू माझ्याशी दुसरे काही बोल.

डायरी लिहिण्याविषयी एक सावधगिरी सांगायला हवी. भावना लिहून काढल्याने मन हलके होते, हे अनेकांना मदत करते. पण विभक्त झालेल्या लोकांवर डेव्हिड स्बारा व सहकाऱ्यांनी केलेल्या, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जे आधीपासूनच सतत ‘का झाले?’ असे उकरत बसत, त्यांना भावना लिहून उलट त्रास झाला आणि दिवसभरात काय केले एवढेच लिहिणारे तुलनेने बरे राहिले. आपण कोणत्या गटात आहोत हे ओळखणे कठीण नाही. लिहून झाल्यावर त्याच प्रश्नाचे तिसरे उत्तर शोधावेसे वाटत असेल, तर डायरी मिटावी आणि दुपारी कुठली बस चुकली, भाजीत मीठ किती पडले, तेच लिहावे.

याला मर्यादाही आहेत. जोडीदार दर भांडणानंतर स्पेस मागून गायब होत असेल, तारीख द्यायला नकार देत असेल, पण आपण कुणाशी बोलतो यावर लक्ष ठेवत असेल, तर प्रश्न स्पेसचा उरत नाही. आणि दोन आठवडे झोप-भूक उडाली असेल, कामावर जाणे सुटले असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर तारखेची वाट पाहू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते.

ठरलेली 20 तारीख येते आणि तो म्हणतो, ‘अजून थोडा वेळ दे.’ हे अगदीच संभवते. तेव्हा त्या मुलीने ‘किती?’ विचारावे, आणि नेमके उत्तर मिळाले नाही, तर त्या ‘कदाचित’मध्ये आणखी किती दिवस राहायचे, याची पुढची तारीख तिने स्वतः ठरवून कॅलेंडरवर लिहावी.