बगळ्याचा पंख वर जाताना दुमडतो, हे चित्रात कधी आलं?

सांगलीत आयर्विन पुलावर संध्याकाळी उभं राहिलं की कृष्णेवरून परतणारे बगळे जवळजवळ नजरेच्या लेव्हलला दिसतात. पंख खाली येतो तो नीट कळतो, पण वर कसा जातो ते डोळा पकडतच नाही. म्हणून तर जुन्या चित्रांत पंख बहुतेक वेळा फळीसारखे सरळ, नाहीतर वर उचललेले.

हे सुटलं ते एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञामुळे. 1882 मध्ये त्याने बंदुकीसारखी दिसणारी एक फोटोग्राफिक गन बनवली, ती उडत्या पक्ष्यावर रोखायची आणि सेकंदाला 12 फोटो निघायचे. आता हिशोब बघा, सीगल सेकंदाला साधारण तीनदा पंख मारतो म्हणजे एका फटक्याचे चार फोटो, पण कबुतर सहा-आठदा मारतं, त्याचे जेमतेम दोनच, मग मधलं सगळं हरवतं. पुढे त्याने सीगलचे वेगवेगळ्या बाजूंनी फोटो घेतले, त्यावरून एकेका स्थितीचे पुतळे केले आणि ते झोएट्रोपमध्ये, म्हणजे फिरत्या नळकांड्याच्या फटींतून बघितलं की चित्रं हलताना दिसतात अशा खेळण्यात, फिरवून उडणं परत बघितलं. मला तर हीच पहिली फ्लाय सायकल वाटते, म्हणजे अ‍ॅनिमेशनमध्ये पुन्हापुन्हा फिरवायचा पंखाचा एक पूर्ण फटका.

त्यातून कळलेली मुख्य गोष्ट अशी की अपस्ट्रोक, म्हणजे पंख वर जाणं, हा डाउनस्ट्रोक, म्हणजे खाली येणं, उलटा चालवलेला नसतो. खाली येताना पंख पूर्ण पसरून हवा दाबतो, खाली आणि थोडा पुढे जातो, टोकाची पिसं वर वाकतात. वर जाताना मनगट आधी उचललं जातं, कोपर वाकतं, पंख अंगाजवळ येतो आणि टोक मागून लोंबत येतं, त्यामुळे हवेचा अडथळा कमी होतो.

अ‍ॅनिमेशन करताना मोठ्या बगळ्यासाठी सेकंदाला 24 फ्रेम धरून ऑन टूज, म्हणजे प्रत्येक ड्रॉइंग दोन फ्रेम ठेवून, एका फटक्याला सहा ड्रॉइंग पुरतात, म्हणजे सेकंदाला दोन फटके. पहिल्यात पंख वर पूर्ण उघडा, दुसऱ्यात आडवा आणि टोक वर वाकलेलं, तिसऱ्यात तळाला. चौथ्यात मनगट वर निघालेलं पण टोक अजून खालीच, पाचव्यात मनगट सगळ्यात वर आणि पंख अर्धा मिटलेला, सहाव्यात टोक बाहेर फेकून उघडतोय. अंग डाउनस्ट्रोकला थोडं वर, अपस्ट्रोकला थोडं खाली, नाहीतर पक्षी तारेला टांगल्यासारखा दिसतो.

चुकलंय का ते बघायला लूप उलटा चालवा. उलटासुद्धा बरोबरच वाटला तर दुसरं आणि पाचवं ड्रॉइंग सारखंच झालंय, पाचव्यात कोपर अजून वाकवा. किती दुमडायचं हे मात्र पक्ष्यावर आहे, लांब पंखांचा सीगल आरामात उडताना मनगटात थोडासाच वाकतो, आणि तोच उतरायला हळू झाला की बराच जास्त.