कुळहक्क आणि शेतजमीन विक्रीवरील निर्बंध (सोलापूर जिल्हा)

सोलापूर जिल्ह्यातील शेतजमिनीला 1948 चा महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, म्हणजे बोलीतला कूळकायदा, लागू आहे. बार्शीची शीव ओलांडून धाराशिव जिल्ह्यात गेले की मात्र 1950 चा हैदराबाद कायदा सुरू होतो. त्यामुळे शेजारच्या गावातला अनुभव इथे लावू नये.

1 एप्रिल 1957 हा कृषक दिन. त्या दिवशी जमीन कसणारे कूळ कलम 32 नुसार, काही अपवाद सोडता, तिचे मालक मानले गेले. शेतजमीन न्यायाधिकरणाने ठरवलेली किंमत भरली की कलम 32म चे प्रमाणपत्र मिळे. मात्र अशा जमिनीवर कलम 43 चे बंधन राहिले आणि सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात तसा शेरा आला. पूर्वी ती विकायला दरवेळी परवानगी लागे. 2014 च्या दुरुस्तीनंतर कुळाच्या खरेदीला दहा वर्षे झाली असल्यास जमीन महसुलाच्या आकाराच्या 40 पट नजराणा आधी सरकारजमा करून विक्री करता येते.

समजा, मोहोळ तालुक्यातील अशा जमिनीचा आकार 6 रुपये 50 पैसे आहे. नजराणा होतो 260 रुपये. लाखोंच्या व्यवहारात ही रक्कम क्षुल्लक, पण चलन न भरता खरेदीखत केले की व्यवहार अवैध ठरू शकतो. शिवाय घेणारा शेतकरी हवा, त्याची जमीन कमाल धारणेच्या आत हवी आणि तुकडेबंदीचा भंग होता कामा नये.

नजराणा भरला म्हणजे कोणालाही विकता येते, हा समज चुकीचा आहे. कलम 63 वेगळे आहे आणि ते कुळाच्या नसलेल्या शेतजमिनीलाही लागते. सोलापुरातल्या बिगरशेतकरी व्यापाऱ्याला शेती घ्यायची असेल, तर कायद्याने दिलेली सवलत नसल्यास जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. म्हणून खरेदीदाराकडे त्याच्या नावाचा सातबारा मागतात. नियम मोडल्यास तहसीलदार कलम 84क खाली चौकशी करतात, आणि जमीन सरकारजमा होण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

हे निर्बंध सर्व राज्यांत सारखे नाहीत. हिमाचल प्रदेशात तिथल्या कायद्याचे कलम 118 अजून कडक आहे, तर अक्कलकोटला लागून असलेल्या कर्नाटकाने 2020 मध्ये बिगरशेतकऱ्यांवरची बंदी उठवली.

कुळहक्काची भीती आजही जिवंत आहे. दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा, तो मालकाच्या घरचा, मजुरीवरचा नोकर किंवा ताबेगहाणदार नसेल, तर कलम 4 प्रमाणे कूळ मानला जाऊ शकतो. वाद तहसीलदार कलम 70ब खाली ठरवतात. तो निर्णय दिवाणी न्यायालयाच्या कक्षेत येत नाही. तिथे खंडाची पावती आणि पीकपाहणीतले नाव वजनदार ठरते. ‘कूळ लागेल’ या धास्तीने मालक वाट्याचा करार तोंडीच ठेवतात, काही जण कसणारा माणूसही बदलत राहतात. परिणामी वाटेकऱ्याकडे एकही कागद नसतो, आणि पीककर्ज मालकाच्याच सातबाऱ्यावर निघते.