नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस

उतारवयात मेंदूच्या आतल्या पोकळ्यांमध्ये पाणी साठून त्या फुगतात, पण कमरेत सुई घालून दाब मोजला तर तो नेहमीइतकाच निघतो. अशा आजाराला नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस म्हणतात. डॉक्टरांच्या बोलण्यात तो नुसता ‘एनपीएच’. कोलंबियाचे न्यूरोसर्जन सालोमोन हाकीम आणि अमेरिकेतले रेमंड ॲडम्स यांनी १९६५ साली त्याचे वर्णन केले. चाल बिघडणे, विसरभोळेपणा आणि लघवी न आवरणे ही त्याची तीन लक्षणे. तिन्ही एकदम दिसतीलच असे नाही. बहुधा चाल आधी जाते.

अडचण ही, की म्हाताऱ्या माणसाचा मेंदू आकसला तरी आतल्या पोकळ्या मोठ्याच दिसतात. मग रिपोर्टमध्ये ‘वयोमानानुसार झीज’ असे लिहून येते आणि फाइल कपाटात जाते. झीज भरून येत नाही. साठलेले पाणी मात्र काढता येते. म्हणून स्कॅनवर या दोघांतला फरक ओळखणे हेच खरे काम.

नमुन्यादाखल गिरगावातल्या चाळीत राहणारे ७६ वर्षांचे एक आजोबा घेऊ. गॅलरीतून नळापर्यंत जाताना त्यांचे पाय फरशीला चिकटल्यासारखे होतात, दोन पायांत अंतर ठेवून ते आखूड पावले टाकतात आणि मागे वळायला त्यांना सात-आठ पावले लागतात. हात मात्र बऱ्यापैकी हलतात. पार्किन्सनच्या गोळ्या काही महिने देऊनही फरक पडलेला नाही. दुपारी जेवले की नाही, हे ते सुनेला पुन्हा पुन्हा विचारतात.

सीटी स्कॅनच्या आडव्या कापांत आधी पोकळ्यांच्या पुढच्या शिंगांची सर्वांत जास्त रुंदी मोजतात. इथे ती ४८ मिलिमीटर भरली. त्याच कापात कवटीची आतली रुंदी १३३ मिलिमीटर. भागाकार आला ०.३६. याला इव्हान्स निर्देशांक म्हणतात आणि ०.३ च्या वर गेला की पोकळ्या मोठ्या धरतात. पण या आकड्यावर फार विसंबू नये. तो पोकळ्या मोठ्या आहेत एवढेच सांगतो, का मोठ्या आहेत ते सांगत नाही. धडधाकट म्हाताऱ्यांतही तो कधीकधी ०.३ ओलांडतो.

खरी गोष्ट टाळूजवळच्या कापांत असते. मेंदू आकसला असेल तर तिथल्या घड्या सैल होऊन त्यांच्यातल्या खाचा रुंद दिसतात. एनपीएचमध्ये उलट चित्र असते: टाळूजवळच्या खाचा दाबून बुजल्यासारख्या, आणि खाली कानशिलाकडची सिल्व्हियन खाच मात्र ऐसपैस. वर पाण्याला जागा उरत नाही आणि ते खाली बाजूला साठते. नेमका हा वरचा भाग घाईत पाहायचा राहून जातो.

एमआरआयवर आणखी एक कोन मोजतात. चेहऱ्याला समांतर अशा उभ्या कापात दोन्ही पोकळ्यांच्या मधे, मेंदूचे दोन अर्धे जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोसम या पट्ट्याच्या खाली जो कोन होतो, तो एनपीएचमध्ये सहसा ९० अंशांपेक्षा कमी असतो. नुसत्या झिजेत तो याहून मोठा राहतो. आजोबांचा भरला ६८. हा काप ठरलेल्या जागीच, म्हणजे मेंदूचे दोन अर्धे जोडणाऱ्या मागच्या छोट्या पट्ट्याच्या, पोस्टेरिअर कमिशरच्या पातळीवर, आणि पुढचा व मागचा कमिशर जोडणाऱ्या रेषेला काटकोनात घ्यावा लागतो. काप पुढे-मागे किंवा तिरका झाला की कोन बदलतो आणि निदान चुकते. एमआरआयवर हिप्पोकॅम्पस हा स्मृतीचा भागही पाहतात. तो फारच आकसलेला असेल तर अल्झायमरचा संशय बळावतो. अर्थात दोन्ही आजार एकत्रही असू शकतात. पोकळ्यांभोवती पांढरे पट्टे दिसले म्हणजे पाणीच झिरपले असे नव्हे. वर्षानुवर्षांच्या रक्तदाबानेही तसे होते.

स्कॅन संशय पक्का करतो. साठलेले पाणी काढून नेणारी नळी, म्हणजे शंट, घालण्याआधी कमरेतून पाणी काढून पाहतात. आजोबांना आधी दहा मीटर चालवले: २६ सेकंद, ३४ पावले. मग ४० मिलिलिटर पाणी काढले. तीन तासांनी तेवढ्याच अंतराला १७ सेकंद आणि २४ पावले लागली. दोन्ही वेळी मोबाइलवर व्हिडिओ घेतलेला बरा, कारण ‘जरा बरं वाटतंय’ यावरून काही ठरत नाही. मात्र फरक दिसला नाही म्हणून शंटचा उपयोग होणारच नाही, असेही म्हणता येत नाही.

शंट म्हणजे मेंदूच्या पोकळीतून कातडीखालून पोटात नेलेली बारीक नळी, मधे झडप असलेली. पाणी गरजेपेक्षा जास्त वाहिले तर मेंदू कवटीपासून सुटून त्या फटीत रक्त किंवा पाणी जमते. डोकेदुखी, गुंगी किंवा पुन्हा बिघडलेली चाल दिसली की लगेच सीटी करतात. बाहेरून जुळवता येणाऱ्या झडपेचा आकडा एमआरआयच्या चुंबकाने हलू शकतो, म्हणून त्यानंतर तो तपासून घ्यावा लागतो.

शंटने चाल जितकी सुधारते तितकी स्मृती सहसा सुधारत नाही. आजोबा आता तीन पावलांत वळतात. जेवणाचे मात्र अजून सुनेला विचारतात.