मूळ डेटा हातात नाही? तरी सरासरी तपासता येते

“सर, लेखकाने मूळ डेटा दिलेला नाही. मग पेपरातली सरासरी बरोबर की चूक, हे कळायचं कसं?”

पुष्कळदा कळतं, आणि तेही साध्या भागाकाराने. गेल्या वर्षी रायबंदर-चोडण फेरीबोटीच्या प्रवाशांवरचा एका विद्यार्थिनीचा मसुदा माझ्याकडे आला. प्रवासी २८, समाधानाचे गुण १ ते ५, सरासरी ३.४५. गुण पूर्णांकी, म्हणजे बेरीजही पूर्णांकच हवी. २८ गुणिले ३.४५ म्हणजे ९६.६. बेरीज ९६ धरली तर सरासरी ३.४३ येते, ९७ धरली तर ३.४६. मधे काहीच नाही. २८ जणांची सरासरी ३.४५ येऊच शकत नाही.

पुढे “६२ टक्के समाधानी” असं होतं. २८ पैकी १७ म्हणजे ६१ टक्के, १८ म्हणजे ६४. पुन्हा अडलं. मग २९ धरून पाहिलं: गुणांची बेरीज १०० असेल तर १०० भागिले २९ म्हणजे ३.४५, आणि १८ जण म्हणजे बरोबर ६२ टक्के! तिने फॉर्म पुन्हा मोजले. एक उशिरा आला होता; हिशेबात धरला, तक्त्यात संख्या बदलायची राहिली.

निक ब्राऊन आणि जेम्स हेदर्स यांनी २०१६ मध्ये मांडलेली ही ‘ग्रिम’ चाचणी. दोन दशांश स्थळं असतील तर नमुना शंभरापेक्षा लहान हवा; त्यापुढे जवळपास प्रत्येक आकडा बसतो. प्रत्येकाच्या चार प्रश्नांची सरासरी घेतली असेल, तर २९ ऐवजी ११६ ने गुणायचं, म्हणजे तिथे ही चाचणी निकामी. आणि आकडा बसला नाही म्हणून लगेच लबाडीचा आरोप करू नका. आधी कोणी प्रश्न कोरा सोडला होता का, ते विचारा.