पाच मोठे की दोन? हिरडीच्या तक्त्यावरील आकड्यांची पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागातील एखाद्या दातांच्या दवाखान्यात हिरड्यांची तपासणी सुरू झाली की रुग्णाच्या कानावर आकड्यांची एक माळ पडू लागते. डॉक्टर खुर्चीजवळून ‘तीन, दोन, पाच’ असे सांगत जातात आणि सहायक ते आकडे एका छापील तक्त्यावर उतरवते. या तक्त्याला पेरिओडॉन्टल चार्ट म्हणतात. त्यात प्रत्येक दाताच्या सहा जागा असतात, गालाच्या बाजूला तीन आणि जिभेच्या किंवा टाळूच्या बाजूला तीन. रुग्ण घरी जाताना बहुधा एवढेच लक्षात ठेवतो की पाच हा आकडा वाईट आणि दोन हा चांगला. हा समज अनेकदा खरा ठरतो, पण नेहमी नाही. तो का फसतो हे समजण्यासाठी तक्त्यावरील तीन प्रकारच्या नोंदी एकाच वेळी जन्मलेल्या नाहीत, हे पाहावे लागते. पुढची प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीची उणीव भरून काढण्यासाठी आली आहे.

पहिली नोंद खोलीची. हिरडी दाताला अगदी कडेपासून चिकटलेली नसते. कड आणि दात यांच्यामध्ये एक अरुंद फट असते आणि तिच्या तळाशी हिरडीची पकड सुरू होते. निरोगी हिरडीत ही फट साधारण १ ते ३ मिलिमीटर खोल भरते. त्याहून खोल झालेल्या फटीला पॉकेट म्हणतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत, जेव्हा या आजाराला सर्रास पायरिया म्हटले जाई, तेव्हा ही खोली खुणा केलेल्या बारीक सळईने मोजण्याची पद्धत रुजू लागली. १९३६ मध्ये कॅनडातील चार्ल्स विल्यम्स यांनी पुढे आणलेला प्रोब आजही आपल्याकडील दंत महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या हातात असतो. त्याच्यावर १, २, ३, ५, ७, ८, ९ आणि १० मिलिमीटरच्या खुणा आहेत. ४ आणि ६ या खुणा मुद्दाम गाळल्या आहेत, म्हणजे खुणांची गर्दी होऊन वाचताना चूक होत नाही. गंमत अशी की उपचाराचा निर्णय पुष्कळदा ३ आणि ५ यांच्या मधल्या ज्या आकड्यावर अडतो, तोच या सळईवर कोरलेला नाही. तो डोळ्याने अंदाजून लिहावा लागतो. दोन अनुभवी डॉक्टरांच्या नोंदींत एका मिलिमीटरचा फरक पडला, तर त्यामुळेच कोणी कोणाला चुकीचे ठरवत नाही. दोन तपासण्यांमधला फरक खरा धरायचा तर तो किमान २ मिलिमीटरचा असावा, हा संकेत याच अनुभवातून आला आहे.

खोलीच्या नोंदीत मात्र याहून मोठी उणीव होती. खोली हिरडीच्या कडेपासून मोजतात, आणि कड एका जागी राहत नाही. सूज आली की ती दातावर वर चढते; सूज उतरली, किंवा हिरडी झिजली, की ती मुळाकडे सरकते. विहिरीतील पाणी किती खाली गेले हे काठावरून मोजावे आणि काठाचे दगडच दरवर्षी वरखाली होत असावेत, असा हा प्रकार होता. यावरचा उपाय म्हणजे न हलणारी खूण शोधणे. अशी खूण दातावर असते: डोक्यावरचे कठीण इनॅमल जिथे संपते आणि मूळ जिथे सुरू होते, त्या सांध्याची रेषा. या सांध्यापासून पकडीपर्यंतचे अंतर म्हणजे पकडीची हानी, ज्याला दंतवैद्य अटॅचमेंट लॉस म्हणतात.

हे मोजमाप पद्धतशीरपणे पाहणीत आणण्याचे श्रेय मिशिगन विद्यापीठातील सिगुर्ड राम्फ्यॉर्ड यांना दिले जाते. त्यांच्या आधी, १९५६ मध्ये, रसेल यांनी मांडलेला निर्देशांक हजारो लोकांची पाहणी लवकर उरकण्यासाठी चांगला होता, परंतु त्यात प्रामुख्याने डोळ्यांनी पाहून गुण दिले जात आणि मिलिमीटरची नोंद नसे. राम्फ्यॉर्ड यांनी १९५९ मध्ये आपला निर्देशांक प्रसिद्ध केला. त्यात सहा ठरावीक दात निवडून सांध्यापासूनचे अंतर मोजले जाई. महाराष्ट्राच्या वाचकाला जवळची वाटावी अशी एक गोष्ट म्हणजे १९६१ मध्ये त्यांनी मुंबईतील ११ ते १७ वर्षांच्या मुलांच्या हिरड्यांच्या स्थितीवरही लेख प्रसिद्ध केला होता.

सांधा शोधणे सोपे असतेच असे नाही. हिरडी खाली सरकली असेल तर तो उघडा दिसतो, आणि मग हिशेब बेरजेचा असतो: खोली अधिक हिरडी सरकल्याचे अंतर. हिरडी सुजून सांध्यावर चढली असेल तर सळईच्या टोकाने तो हिरडीखाली चाचपून ओळखावा लागतो, आणि मग हिशेब वजाबाकीचा होतो. अशा वेळी काही तक्त्यांत चढलेल्या हिरडीला उणे चिन्ह देतात, तर काहींत अधिक. दवाखाना बदललेल्या रुग्णाचा जुना तक्ता वाचताना पहिली चूक नेमकी इथे होते, म्हणून चिन्हाचा अर्थ आधी पाहून घ्यावा.

आता उदाहरणादाखल एक तक्ता घेऊ. यंत्रमागावर काम करणारा ४८ वर्षांचा एक कामगार आहे. चुना लावलेल्या तंबाखूची चिमूट वर्षानुवर्षे खालच्या ओठाच्या आत धरण्याची त्याची सवय आहे. खालचे पुढचे दात लांब दिसू लागले आहेत आणि दाढांतून घासताना रक्त येते, या त्याच्या दोन तक्रारी. खालच्या डाव्या पहिल्या दाढेला, म्हणजे ३६ क्रमांकाच्या दाताला, गालाच्या बाजूने पुढच्या आणि मागच्या दोन्ही कोपऱ्यांत खोली ५ आहे. पण तिथे हिरडी सुजून सांध्याच्या २ मिलिमीटर वर चढलेली आहे. ५ मधून २ वजा केले की पकडीची हानी ३ उरते. पुढच्या ४१ क्रमांकाच्या दाताला ओठाच्या बाजूने मधोमध खोली फक्त २ आहे. मात्र हिरडी सांध्यापासून ४ मिलिमीटर खाली गेली आहे, म्हणून पकडीची हानी ६. घरी जाताना रुग्णाने लक्षात ठेवलेले पाच आणि दोन इथे उलटे पडतात. पाचच्या जागी तीन मिलिमीटर पकड गेली आहे, दोनच्या जागी सहा.

इथे एक खबरदारी हवी. २०१७ च्या जागतिक कार्यशाळेत ठरलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वर्गीकरणात आजाराचा टप्पा दोन दातांच्या मधल्या जागांवरील, म्हणजे दाताच्या कोपऱ्यांतील, सर्वाधिक हानीवरून ठरवतात. ती १ ते २ मिलिमीटर असेल तर पहिला टप्पा, ३ ते ४ असेल तर दुसरा, आणि ५ किंवा अधिक असेल तर तिसरा किंवा चौथा. हिरडी दुसऱ्याच कारणाने सरकली असेल तर ती हानी यात मोजत नाहीत. तंबाखू जिथे धरली जाते नेमक्या तिथेच, ओठाच्या बाजूने मधोमध, हिरडी खाली गेलेली असते आणि बाजूचे कोपरे त्या मानाने शाबूत असतात, हे सोलापुरात काम करणाऱ्या दंतवैद्याला वेगळे सांगावे लागत नाही. आपल्या उदाहरणात ४१ च्या कोपऱ्यांत हानी ३ आहे, दाढांच्या कोपऱ्यांतही ३ च आहे आणि ५ हून खोल पॉकेट कुठेही नाही. क्ष-किरणातील हाडाची पातळी याच्याशी जुळली, तर तो दुसऱ्या टप्प्यात बसतो. मधला ६ धरून त्याला तिसऱ्यात टाकणे ही घाईची चूक ठरेल. तो ६ खरा आहे, त्याची नोंद राहिलीच पाहिजे. फक्त त्याची कथा वेगळी आहे.

खोली आणि हानी हे दोन्ही आकडे भूतकाळ सांगतात. आजार आज जागा आहे की नाही, हे त्यांतून कळत नाही. त्यासाठी तिसरी नोंद आली: सळई हलकेच फिरवल्यावर काही सेकंदांत त्या जागी रक्त येते का. झुरिकच्या म्यूलमान आणि सन यांनी १९७१ मध्ये फटीतील रक्तस्रावाचा निर्देशांक मांडला आणि हिरडी लाल दिसण्याच्या आधीही रक्त येऊ शकते यावर भर दिला. १९७५ मध्ये आयनामो आणि बे यांनी रक्ताच्या नोंदीसाठी गुणांची उतरंड बाजूला ठेवून रक्त आले किंवा नाही एवढेच लिहिण्याची साधी रीत दिली. आज तक्त्यावर दिसणारे ठिपके त्याच रीतीचे आहेत.

या ठिपक्याचा नेमका अर्थ निक्लाउस लांग आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासांनी स्पष्ट केला. १९८६ च्या त्यांच्या अभ्यासात, सलग चार भेटींत ज्या जागी प्रत्येक वेळी रक्त आले, अशा जागांपैकीही सुमारे ३० टक्केच जागांवर पुढे पकड आणखी सुटली. म्हणजे रक्त आले म्हणून तिथे नुकसान होणारच, असे म्हणता येत नाही. १९९० मध्ये त्यांनी उलटी बाजू दाखवली: वारंवार तपासूनही रक्त न येणारी जागा जवळजवळ निश्चितपणे स्थिर असते. ठिपका असण्यापेक्षा नसणे जास्त भरवशाचे, असा हा काहीसा विचित्र निष्कर्ष आहे. त्याला दोन अटी आहेत. सळईचा दाब २५ ग्रॅमच्या आसपास हवा, कारण जास्त दाबले तर निरोगी हिरडीतूनही रक्त निघते. आणि बिडी ओढणाऱ्याच्या हिरडीतून आजार असूनही कमी रक्त येते, त्यामुळे त्याच्या तक्त्यावरील मोकळ्या चौकटी पाहून निर्धास्त होता येत नाही.

आपल्या कामगाराला २६ दात आहेत, म्हणजे १५६ जागा. त्यांपैकी ६२ जागी रक्त आले, म्हणजे सुमारे ४० टक्के. हिरड्यांखालचा कीटण काढून, घासण्याची पद्धत बदलून तीन महिन्यांनी पुन्हा तक्ता भरला तेव्हा रक्ताच्या जागा १२ वर, म्हणजे ८ टक्क्यांच्याही खाली आल्या. ३६ च्या पुढच्या कोपऱ्यात खोली ५ वरून ३ झाली. पॉकेट भरून आले असे इथे वाटते, पण सूज उतरून हिरडी बरोबर सांध्यावर येऊन बसली आहे. ३ मधून शून्य वजा, हानी ३, जशी होती तशीच. मागच्या कोपऱ्यात खोली २ आणि हानीही २ आली. हा एका मिलिमीटरचा लाभ खराच नवी पकड जमल्याचा असेल असे नाही. सुजलेल्या, मऊ ऊतीत सळईचे टोक पकडीच्या सीमेपलीकडे घुसते, तर घट्ट झालेल्या ऊतीत ते अलीकडेच थांबते. हे लिस्टगार्टन यांनी १९८० मध्ये सविस्तर मांडले होते. शिवाय एक मिलिमीटर हा मोजणाऱ्याच्या हातातलाच फरक असू शकतो. उलटही घडते: पहिल्या वेळी कीटणाच्या गाठीवर सळई अडून खोली कमी भरते आणि सफाईनंतर तीच जागा जास्त खोल नोंदली जाते, तेव्हा उपचारानेच बिघडले असा आरोप डॉक्टरवर येतो.

४१ च्या समोरचा ६ दुसऱ्या तक्त्यातही ६ च राहिला, आणि त्या जागी रक्ताचा ठिपका पहिल्या वेळीही नव्हता, दुसऱ्या वेळीही नाही. पुढच्या तक्त्यात तिथे ८ आला, तर चिमूट अजून त्याच जागी बसते आहे का, हे विचारावे लागेल.