काचेचा अपवर्तनांक आणि ‘विसंगत’ हा शब्द: पार्श्वभूमी

सोलापुरात बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र घेतलेल्या बहुतेकांनी अंधाऱ्या खोलीत पाऱ्याच्या दिव्यासमोर प्रिझम ठेवून स्पेक्ट्रोमीटरच्या दुर्बिणीतून रेघा पाहिल्या आहेत. पिवळ्या जोडरेघेपासून हिरवी, हिरवीपासून निळी अशी दुर्बीण सरकवत जावी लागते आणि व्हर्नियरवरचे विचलन प्रत्येक वेळी वाढलेले आढळते. मग त्या वाचनांवरून काढलेला अपवर्तनांक n आणि रेघेची तरंगलांबी λ हे n = A + B/λ² या सूत्रात बसवून A आणि B हे काचेचे स्थिरांक काढायचे, की प्रयोग पूर्ण होतो. हे सूत्र १८३६ च्या सुमाराचे आहे. ते दृश्य प्रकाशात चांगले जुळते, पण निळा प्रकाश अधिक का वळतो, याचे उत्तर त्यात नाही.

ते उत्तर शोधण्याची गरज भासली ती काचेमुळे नव्हे, तर काचेसारख्या न वागणाऱ्या पदार्थांमुळे. १८६२ मध्ये आयोडीनच्या वाफेत निळ्यापेक्षा लाल प्रकाश जास्त वळतो असे आढळले. १८७० मध्ये फुक्सिन, म्हणजेच मॅजेंटा या कापडाच्या रंगाचे अल्कोहोलमधले द्रावण पोकळ प्रिझममध्ये भरून पाहिले गेले. हा रंग हिरवा प्रकाश शोषून घेतो. त्या पट्ट्यापलीकडचे जांभळ्या बाजूचे रंग लाल रंगापेक्षाही कमी वळलेले दिसले, तर अलीकडे लाल, नारिंगी, पिवळा या नेहमीच्याच क्रमाने वळण वाढत गेले होते. रंगानुसार वळण बदलण्याला अपस्करण म्हणतात, म्हणून या वर्तनाला ‘विसंगत अपस्करण’ असे नाव पडले आणि काचेचे अपस्करण आपोआप ‘सामान्य’ ठरले.

हे नामकरण मला दुर्दैवी वाटते, कारण विसंगती पदार्थात नसून १८३६ च्या सूत्राच्या अपुरेपणात होती. अवघ्या दोन वर्षांत, १८७२ पर्यंत, दोन्ही वर्तनांना एकाच नियमात बसवणारी मांडणी पुढे आली होती. तोवर शब्द मात्र रुळला होता. आजही पाठ्यपुस्तके तो शब्द वापरतात आणि विद्यार्थी फुक्सिनला अपवाद समजतात. खरे तर काचही तिच्या स्वतःच्या शोषणपट्ट्यात अशीच ‘विसंगत’ वागते. फक्त तो पट्टा अतिनील भागात असल्याने डोळ्यांना दिसत नाही.

त्या मांडणीत पदार्थाचे कण स्प्रिंगने बांधल्यासारखे स्वतःच्या ठरावीक वारंवारतेने डोलू शकतात, असे धरले होते. १८७८ मध्ये तिला विद्युतचुंबकीय सिद्धांताचा आधार मिळाला आणि १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन सापडल्यावर डोलणारी वस्तू कोणती हेही स्पष्ट झाले. प्रकाशलहर इलेक्ट्रॉनला वारंवार ढकलते, तो डोलतो आणि स्वतःची लहर सोडतो. मूळ लहर आणि ही नवी लहर मिळून होणारी एकत्र लहर काचेत मागे रेंगाळते, आणि या रेंगाळण्याचेच माप म्हणजे अपवर्तनांक. झोपाळ्याला त्याच्या स्वतःच्या लयीच्या जितके जवळ झोके द्यावेत तितका तो उंच जातो, तसेच येथे घडते:

n² = 1 + K/(ω₀² − ω²)

येथे K हा पदार्थाचा स्थिरांक, ω₀ ही इलेक्ट्रॉनची स्वाभाविक वारंवारता आणि ω प्रकाशाची. काचेत ω₀ अतिनील भागात आहे. निळ्याची वारंवारता लालपेक्षा तिच्या अधिक जवळ, म्हणून छेद लहान, इलेक्ट्रॉनचे डोलणे मोठे आणि वळणही जास्त. ω ही ω₀ च्या पुढे गेली की इलेक्ट्रॉन उलट दिशेने डोलू लागतो व अपवर्तनांक खाली ओढला जातो. फुक्सिनमध्ये जांभळ्या प्रकाशाचे नेमके हेच होते. ऐन ω₀ पाशी मात्र हे सूत्र अनंताकडे धावते, म्हणून तेथे घर्षणासारखे अवमंदनाचे पद जोडावे लागते. शोषण त्यातूनच येते.

नेहमीच्या बोरोसिलिकेट क्राउन काचेवर हे करून पाहता येते. तिचा अपवर्तनांक ४८६.१ नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशासाठी १.५२२४ आणि ६५६.३ नॅनोमीटरच्या लाल प्रकाशासाठी १.५१४३ आहे. ६० अंशांच्या प्रिझममध्ये एवढ्या फरकाने दोन्हींच्या किमान विचलनांत सुमारे ०.७ अंशांचे अंतर पडते. या दोन आकड्यांवरून K आणि ω₀ काढले, तर ω₀ शी जुळणारी तरंगलांबी साधारण ९८ नॅनोमीटर येते. तिसऱ्या, ५८७.६ नॅनोमीटरच्या पिवळ्या प्रकाशासाठी हे गणित १.५१६७ सांगते आणि मोजलेला आकडा आहे १.५१६८. एकाच दोलकाकडून एवढी जुळणी मिळते. पण ९८ नॅनोमीटरला काचेतल्या एखाद्या खऱ्या रेषेची जागा मानू नये, कारण ती अतिनीलमधल्या अनेक दोलकांची सरासरी आहे.

हीच गणना अवरक्त भागात १५३० नॅनोमीटरपर्यंत नेली, तर उत्तर १.५०६५ येते, पण काच प्रत्यक्षात १.५००९ दाखवते. चूक एकाच बाजूची आहे आणि तरंगलांबीबरोबर वाढत जाते. तेथे इलेक्ट्रॉनशिवाय दुसरेही काही डोलत असल्याची ही खूण आहे. ते म्हणजे काचेच्या जाळ्यातले सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे जड अणू. त्यांची लय सुमारे १० मायक्रोमीटरपाशी असून प्रकाशाची वारंवारता तिच्या पुढे असल्याने ते अपवर्तनांक खाली ओढतात, जसा फुक्सिनमधला इलेक्ट्रॉन जांभळ्या प्रकाशात ओढतो. म्हणूनच काचेचे कारखानदार आज जे सूत्र छापतात त्यात बहुधा तीन दोलक असतात: दोन अतिनीलमधले आणि एक या अणूंचा.