लकवाजन्य शिंपले-विषबाधा

समुद्रातील काही सूक्ष्म शैवलांचे विष साठलेले शिंपले, तिसऱ्या, कालवे वा शिनाणे खाल्ल्याने होणारी विषबाधा. ॲलेक्झांड्रियम, जिम्नोडिनियम कॅटेनॅटम व पायरोडिनियम ही शैवले फोफावली की पाणी गाळून खाणाऱ्या शिंपल्यांत विष साचत जाते. शिंपल्याला त्याचा फारसा त्रास होत नाही. वास, रंग, चव यांवरूनही ते ओळखता येत नाही. ‘तांबडी भरती’ हा रूढ शब्द येथे फसवा आहे, कारण पाणी लाल न होताही शिंपले विषारी होतात.

या गटातील प्रमुख विष सॅक्सिटॉक्सिन. अलास्कातील सॅक्सिडोमस या शिंपल्यावरून त्याला हे नाव पडले. ते मूळचे शैवलाचे की त्यासोबत राहणाऱ्या जीवाणूंचे, हा वाद बराच काळ चालला. विषनिर्मितीची जनुके ॲलेक्झांड्रियमच्या स्वतःच्या केंद्रकातच सापडल्यापासून (२०११) पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. काही नील-हरित शैवलेही हेच विष बनवतात.

शिजवल्याने हे विष जात नाही, याचे कारण त्याच्या रचनेत आहे. अंड्याचा बलक उष्णतेने घट्ट होतो तो त्यातील प्रथिनांची घडी मोडते म्हणून. सॅक्सिटॉक्सिन हे प्रथिन नसून एक लहान, घट्ट जोडलेला रेणू आहे, त्यामुळे उकळत्या पाण्यात मोडण्यासारखी घडीच त्यात नसते. आम्ल माध्यमात तो विशेष टिकाऊ असतो. प्रयोगशाळेत विषाचे मापन करण्याच्या जुन्या पद्धतीत तर शिंपल्यांचे मांस सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लातच उकळतात. तेव्हा कालवणात आमसूल वा चिंच घातल्याने विष उतरेल, ही अपेक्षा व्यर्थ होय. तीव्र अल्कधर्मी माध्यमात ते नष्ट होते, पण तसे पदार्थ खाण्याजोगे राहत नाहीत. उकळल्यावर मांसातील विष घटल्याच्या नोंदी आहेत. मात्र विष पाण्यात विरघळणारे असल्याने त्यातील बराच भाग नष्ट न होता रश्शात उतरतो, असे मानणे सयुक्तिक ठरते. ग्वातेमालातील चांपेरिको येथे १९८७ मध्ये शिंपल्यांचे सूप प्यायल्याने १८७ जण आजारी पडले व २६ दगावले. मृतांत लहान मुलांचे प्रमाण मोठे होते.

हे विष चेतातंतूंमधील सोडियमचे मार्ग बुजवते, म्हणून संदेश पुढे जात नाही. खाल्ल्यापासून काही मिनिटांत ते साधारण दोन तासांत ओठ व जीभ झिणझिणू लागतात. मग चेहरा, मान व बोटांची टोके बधिर होतात. अंग तरंगत असल्याचा भास, डोकेदुखी, अडखळते बोलणे, तोल जाणे ही पुढची लक्षणे. उलट्या होतीलच असे नाही. तीव्र विषबाधेत श्वसनाचे स्नायू लुळे पडतात. रोगी हलू वा बोलू शकत नाही, पण बहुधा शुद्धीवर असतो. उतारा उपलब्ध नाही. कृत्रिम श्वसन वेळेवर मिळून पहिले बारा ते चोवीस तास निभावले, तर रोगी बहुधा पूर्ण बरा होतो.

अनेक देशांत १०० ग्रॅम मांसात ८० मायक्रोग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. भारतात १९८१ मध्ये तमिळनाडूत आणि १९८३ मध्ये मंगळूरजवळच्या कुंबळे येथे अशा विषबाधेच्या नोंदी झाल्या.